पूल गाडीचं चलन कोणी भरायचं? सर्क्युलरच्या कलम 4 वर मत हवं आहे

महापे_ॲडमिन

नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीतल्या कारखान्याचं ॲडमिन बघतो. पूलमध्ये 11 गाड्या, सगळ्यांची आरसी कंपनीच्या नावावर. चालक नेमलेले नाहीत, ज्याला काम असेल तो चावी घेऊन जातो. एचआरने नवीन सर्क्युलर काढलंय, त्यातलं कलम 4 जसंच्या तसं देतो:

"पूल वाहनावर वाहतूक नियमभंगाचे चलन आल्यास, चलनावरील वेळी चावी-रजिस्टरमध्ये ज्या कर्मचाऱ्याचे नाव असेल तोच चालक समजला जाईल व दंडाची रक्कम त्याच्या पुढील पगारातून वळती केली जाईल. नाव निश्चित न झाल्यास रक्कम संबंधित विभागातील सर्व वापरकर्त्यांत समान विभागली जाईल."

सही होऊन आठवडाही झाला नाही तोच पहिलं प्रकरण आलं. वाशीतल्या एका सिग्नलवर लाल दिवा ओलांडल्याचं चलन, वेळ 19:42, रक्कम 1500. फोटो मागून काढलेला, नंबर स्पष्ट, आत कोण ते दिसत नाही.

चावी-रजिस्टर म्हणतं परचेसच्या माणसाने 7:30 ला चावी परत दिली आणि सर्व्हिस इंजिनीअरने 7:50 ला घेतली. गेट-रजिस्टरमध्ये परचेसवाला आत आल्याची वेळ 7:15, मीटर 48,251. सर्व्हिसवाला बाहेर पडला त्याचं मीटरही 48,251, वेळ मात्र खाडाखोड करून 7:50 केलेली. परत आला 9:35 ला, मीटर 48,298. म्हणजे कागदावर 7:42 ला गाडी आवारात. जीपीएसवाल्याकडून आलेल्या एक्सेलमध्येही 19:42 च्या ओळीला गाडी आवारातच, इंजिन बंद.

दोघंही म्हणतात मी नव्हतो. एचआर म्हणते कलमाप्रमाणे विभागून टाका. पण विभाग कोणता, परचेस की सर्व्हिस?

घोडबंदर_बायकर

ही चलनं म्हणजे नुसती वसुली आहे. माझ्या बाइकवर नो पार्किंगचं आलं, गाडी सोसायटीच्या गेटसमोर उभी होती. मी ऑफिसच्या कामाला गेलो होतो त्या दिवशी, कंपनीकडे मागितले तर हात वर केले. हे सर्क्युलरमध्ये बसतं का?

महापे_ॲडमिन

दादा, तुमची बाइक तुमच्या नावावर आहे. इथे प्रश्न कंपनीच्या नावावरच्या गाड्यांचा आहे. तुमचा क्लेम वेगळा, त्याला प्रवासभत्त्याचे नियम बघावे लागतील.

तुर्भे_स्टोअर्स

सरळ आहे. दोन्ही रजिस्टर आणि जीपीएस सांगतात गाडी आवारात होती, तर वाशीला दिसली ती तुमची नव्हेच. नंबरप्लेटची नक्कल झालीय. `mahatrafficechallan.gov.in` वर तक्रार टाका, जीपीएसचा रिपोर्ट जोडा, चलन रद्द होईल. हे प्रकार वाढलेत.

फ्लीटवाले_काका

तुर्भे, तक्रारीचा मार्ग बरोबर सांगितलात, पण थोडं थांबा. नक्कल आहे की नाही हे फोटो मोठा करून आधी बघायचं. गाडीचा रंग, मॉडेल, मागच्या काचेवरचं स्टिकर, बंपरवरचा पोचा, नंबरप्लेटचा प्रकार. नक्कल करणारा नंबर चोरतो, पोचा चोरत नाही. फोटोत तुमच्याच गाडीच्या खुणा असतील तर तक्रार फेटाळली जाईलच, वर पुढची खरी तक्रारही कोणी गंभीरपणे घेणार नाही.

ॲडमिन साहेब, दोन गोष्टी सांगा. फोटोत गाडी तुमचीच दिसते का? आणि जीपीएसच्या फाइलमध्ये वेळेच्या शेवटी `Z` हे अक्षर आहे का, किंवा वरच्या रकान्यात `UTC` लिहिलंय का?

महापे_ॲडमिन

फोटोत गाडी आमचीच वाटते, मागे डाव्या बाजूला ओरखडा आहे तो जुळतो. आणि हो, प्रत्येक वेळेच्या शेवटी `Z` आहे. तो कशासाठी ते विचारलं नव्हतं.

फ्लीटवाले_काका

मग सगळा घोळ तिथेच आहे. ट्रॅकर वेळ ग्रीनिचची नोंदवतो. मोबाइल ॲपवर बघताना कंपनीचं सॉफ्टवेअर त्यात साडेपाच तास मिळवून दाखवतं, पण कच्ची फाइल मागवली की ग्रीनिचचीच येते. तुम्ही 19:42 ची ओळ बघितलीत ती आपल्याकडची मध्यरात्रीनंतरची 1:12. तेव्हा गाडी आवारात असणारच. तुम्हाला बघायची आहे 14:12 ची ओळ. संध्याकाळचा भाग इथे टाका, फक्त इंजिन चालू-बंद आणि त्या वेळेच्या आसपासचं.

महापे_ॲडमिन

```
13:41:20Z  IGN OFF   0 km/h
13:52:08Z  IGN ON    0 km/h
14:11:05Z  MOVE     12 km/h
14:12:05Z  MOVE     31 km/h
16:02:31Z  IGN OFF   0 km/h
```

पहिल्या दोन ओळींचं ठिकाण आमचं आवार, तिसरी-चौथी वाशी, शेवटची परत आवार.

फ्लीटवाले_काका

साडेपाच तास मिळवा. 7:11 ला परचेसवाल्याने आवारात गाडी बंद केली. गेटच्या 7:15 शी ते जुळतं, चार मिनिटं म्हणजे वॉचमनने लिहायला घेतलेला वेळ. 7:22 ला गाडी पुन्हा चालू. 7:42 ला वाशीत. 9:32 ला परत, गेटचा 9:35 जुळतो. म्हणजे गेटच्या आत येण्याच्या दोन्ही नोंदी खऱ्या आहेत आणि बाहेर जाण्याची एकच, खाडाखोड झालेली, खोटी आहे.

परचेसवाल्याने चावी टेबलावर न देता आवारातच सर्व्हिसवाल्याच्या हातात दिली असणार. टेबलावरच्या माणसाने दोन्ही ओळी मागाहून अंदाजाने भरल्या, म्हणून 7:30 आणि 7:50 असे गोल आकडे. चावी-रजिस्टरमध्ये सगळ्या वेळा पाचाच्या किंवा दहाच्या पटीत दिसल्या की समजायचं, घड्याळ बघून लिहिलेलं नाही.

मीटरचे आकडेही हेच सांगतात. 48,251 ला आत, 48,251 ला बाहेर, मधे तिसरा कोणी नाही. परचेसवाला सुटला.

तुर्भे_स्टोअर्स

मान्य. `Z` चं माहीत नव्हतं. पण मग प्रश्न मिटला की, सर्व्हिस इंजिनीअरचे 1500 कापा.

महापे_ॲडमिन

मिटला असता. त्याला हा तक्ता दाखवल्यावर तो म्हणाला, गाडी मी घेतली हे खरं, पण चालवत ट्रेनी होता, मी बाजूला बसलो होतो. ट्रेनीकडे लायसन्स आहे, पण तो गप्प आहे. नवीन मुलगा, कन्फर्मेशन व्हायचंय.

फ्लीटवाले_काका

इथे तुमचं कलम 4 मोडतं, आणि ते आज ना उद्या मोडणारच होतं. एका वाक्यात त्यांनी दोन वेगळे प्रश्न कोंबलेत. गाडी कोणाच्या ताब्यात होती हा एक, आणि स्टिअरिंगवर कोण होतं हा दुसरा.

पैशाचा हिशेब ताब्यावर ठेवा. चावी ज्याने घेतली तो ती परत करेपर्यंत कंपनीला जबाबदार. मधे दुसऱ्याला चालवायला दिली तर दोघांनी मिळून ते लिहून द्यायचं, नाहीतर चावीवाल्याने भरायचं आणि आपसात बघून घ्यायचं. हे नियम म्हणून ठीक आहे, कारण तो कंपनीचा अंतर्गत व्यवहार आहे.

पण "तोच चालक समजला जाईल" हे शब्द काढा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 प्रमाणे पोलिसांनी विचारलं तर मालकाला चालकाचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती द्यावी लागते, आणि ती "जवळ असलेली किंवा वाजवी प्रयत्नाने कळू शकणारी" माहिती असते. पोलिसांना लिहून देताना कंपनी समजू शकत नाही, तिला चौकशी करून सांगावं लागतं. आज सिग्नल आहे. उद्या त्याच गाडीने कोणाला धडक दिली आणि तुम्ही सर्क्युलरच्या आधाराने चावीवाल्याचं नाव दिलंत, तर चुकीच्या माणसाच्या लायसन्सवर आणि डोक्यावर केस बसेल.

म्हणून ट्रेनीचं म्हणणं वेगळं, एकट्याला बसवून लेखी घ्या. इंजिनीअर समोर नको.

शीतल_एचआर

काकांच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मी अशीच सर्क्युलरं लिहिते, त्यामुळे दुसरं वाक्यही खटकलं. "सर्व वापरकर्त्यांत समान विभागली जाईल" हे कुठल्याच कायद्यात टिकणार नाही. ज्याचा दोष सिद्ध नाही त्याच्या पगारातून कपात कशाच्या आधारे?

कामगार_मित्र

शीतलताई, मुळात कुठलीच कपात चालत नाही. कायद्यात दंडाला 3 टक्के मर्यादा आहे आणि कशाबद्दल दंड लावणार त्याची यादी सरकारकडून मंजूर करून घ्यावी लागते. 1500 रुपये कापायचे तर पगार महिना 50,000 हवा. म्हणजे सर्क्युलर बेकायदा.

शीतल_एचआर

दादा, 3 टक्के आणि मंजूर यादी हे दोन्ही खरं आहे, पण ते मालकाने स्वतः लावलेल्या दंडाला. उशिरा आला म्हणून 100 रुपये दंड, तसला. वाहतूक चलन हा सरकारचा दंड आहे, कंपनीला त्यामुळे झालेलं नुकसान वसूल करायचं आहे. ते नुकसानभरपाईच्या कपातीत मांडलं जातं. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली, त्यात कपातीची कारणं कलम 18 मध्ये आणि नुकसानीबद्दलची अट कलम 21 मध्ये आहे. तिथे 3 टक्के नाही, पण कापण्याआधी कर्मचाऱ्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावीच लागते आणि झालेल्या नुकसानापेक्षा जास्त कापता येत नाही. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही, ते वेगळं. "पुढील पगारातून वळती केली जाईल" यात ही संधीच नाही. मला कलम 4 मधला खरा कच्चा दुवा तो वाटतो.

तरीही माझा सल्ला असा की पगाराला हातच लावू नका. चलन साइटवर गाडीच्या नंबरने कोणालाही भरता येतं. दोष मान्य केलेल्या माणसाने स्वतः भरावं आणि पावती ॲडमिनला मेल करावी. कपातीचा प्रश्नच उरत नाही. मान्य नसेल तरच कागदी प्रक्रिया.

कामगार_मित्र

चलन हे "नुकसान" धरायचं की नाही यावर कोर्टात वाद घालता येईल असं मला अजूनही वाटतं. पण स्वतः भरण्याचा मार्ग ठीक आहे, जबरदस्ती नसेल तर. ट्रेनीच्या बाबतीत जबरदस्ती नाही हे कोण ठरवणार?

हिशेबनीस_ऐरोली

अकाउंट्सच्या बाजूने थोडंसं. कंपनीने भरलेला नियमभंगाचा दंड आयकरात खर्च म्हणून मिळत नाही, टॅक्स ऑडिटमध्ये वेगळा दाखवावा लागतो. आमच्याकडे लोक तो "वाहन देखभाल" मध्ये टाकतात आणि मार्चनंतर आम्ही एकेक व्हाउचर उपसत बसतो. वेगळं खातं उघडा. सर्क्युलरमध्ये एक ओळ पुरे.

फ्लीटवाले_काका

शीतलताईंच्या मुद्द्याला जोडून एक इशारा. कंपनीने घाईने चलन भरून टाकू नये. पुष्कळ ऑफिसं "आधी भरा, मग माणूस शोधा" करतात, थकीत चलन दिसू नये म्हणून. पण पैसे भरले की गुन्हा मान्य केल्यासारखं होतं आणि साइटवर तक्रारीला अर्थ उरत नाही. नंतर कळलं की प्लेट नकली होती, तर पैसे गेले. क्रम असा हवा: आधी फोटो बघणं, मग नोंदी जुळवणं, मग माणसाला विचारणं, आणि शेवटी भरणं किंवा तक्रार.

आता रकमेकडे बघा. चलनावर कलम कोणतं छापलंय?

महापे_ॲडमिन

119/177. सिग्नल मोडल्याचं.

फ्लीटवाले_काका

वाटलंच. 177 चा दंड पहिल्यांदा 500 आणि त्यानंतर 1500 आहे. तुम्हाला थेट 1500 लागला, म्हणजे या गाडीवर आधीचं चलन आहे. कॅमेऱ्याला माणूस दिसत नाही, नंबर दिसतो, त्यामुळे "दुसऱ्यांदा" हे गाडीवरून ठरतं. ट्रेनीने आयुष्यात पहिल्यांदा सिग्नल मोडला असला तरी आधी कोणीतरी केलेल्या चुकीचे 1000 त्याच्या माथी येतात. माझ्या मते त्याच्याकडून 500 घ्यावेत, वरचे 1000 कंपनीचे. साइटवर गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकून जुनी यादी काढा, कळेल.

महापे_ॲडमिन

काढली. या एका गाडीवर तीन निघाली, त्यातली दोन थकीत, जुनं वर्षापूर्वीचं. आम्हाला एकाचाही एसएमएस आला नाही.

तुर्भे_स्टोअर्स

आरसीवर मोबाइल कोणाचा आहे? आमच्याकडे डीलरच्या सेल्समनचा निघाला होता. गाडी घेताना त्यानेच स्वतःचा टाकला.

फ्लीटवाले_काका

हेच होतं, नाहीतर नोकरी सोडून गेलेल्या ॲडमिनचा असतो. परिवहनच्या साइटवर सगळ्या 11 गाड्यांचा नंबर बदलून एका कंपनीच्या सिमवर आणा, जे सिम माणसाबरोबर जात नाही. पण एसएमएसवर विसंबू नका. दर सोमवारी कोणीतरी 11 नंबर टाकून बघायचे, अर्ध्या तासाचं काम.

आठवड्याचा आग्रह का धरतोय ते सांगतो. गेटवरच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर साधारण 15 ते 30 दिवसांत जुनं पुसून वर नवीन लिहितो. नियम 167-ए प्रमाणे कॅमेऱ्याच्या चलनाची नोटीस 15 दिवसांत पाठवायची असते. ती टपालाने रजिस्टर्ड ऑफिसला गेली, तिथून फिरत महाप्याला आली, तोवर फुटेज गेलेलं असतं. सर्व्हिसवाल्याने 7:22 ला गेट ओलांडलं तेव्हा स्टिअरिंगवर कोण होतं, हे तुमच्या गेटच्या कॅमेऱ्यात असेल. आजच बघा आणि ती क्लिप वेगळी काढून ठेवा.

महापे_ॲडमिन

बघतो. डीव्हीआर 20 दिवसांचा आहे, आज तेरावा दिवस.

वाशी_व्हेंडर

मी महिन्याच्या भाड्याने गाड्या देतो, पिवळी पाटी, चालक आमचा. तुमच्यासारखीच सर्क्युलरं कंपन्या आम्हाला पाठवतात, "सर्व चलने व्हेंडर भरेल". स्पीड, सिग्नल, मोबाइल, पीयूसी, इन्शुरन्स, हे आमचं, कबूल. पण साहेब म्हणतात इथेच थांब, पाच मिनिटांत येतो, आणि ड्रायव्हरने नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी तक्रार. ते नो पार्किंग कोणाचं?

शीतल_एचआर

ज्याच्या सांगण्यावरून थांबला त्याच्या विभागाचं, असं आम्ही लिहितो. अट एकच, ड्रायव्हरने त्याच वेळी व्हॉट्सॲपवर "इथे नो पार्किंग आहे, थांबू का" असं पाठवलेलं असावं. मागाहून सांगितलेलं धरत नाही.

आणि पूल गाड्यांबाबतही हेच, पीयूसी संपली, इन्शुरन्स संपला, नंबरप्लेट नियमाप्रमाणे नाही, काचेवर फिल्म आहे, ही चलनं चावीवाल्याकडे जाताच कामा नयेत. ती ॲडमिनची. सर्क्युलरमध्ये हे आधी लिहा, म्हणजे लोक बाकीचं वाचतील.

वाशी_व्हेंडर

आणि मागच्या सीटवर साहेबांनी बेल्ट लावला नाही तर? चलन गाडीवर येतं.

शीतल_एचआर

कायद्याने ते चालकावरच आहे. 194-बी मध्ये बेल्ट न लावलेले प्रवासी नेणं हा चालवणाऱ्याचा गुन्हा आहे. पण साहेबाला बेल्ट लावा म्हणायची ताकद ड्रायव्हरकडे नसते, म्हणून आतल्या हिशेबात ते प्रवाशाकडून घ्यावं असं माझं मत. आमच्या संचालकांना हे पटलेलं नाही. मसुद्यातून ती ओळ दोनदा खोडली गेली.

फ्लीटवाले_काका

माझं मत उलटं आहे. बेल्ट लावल्याशिवाय गाडी पहिल्या गिअरमध्ये घालायची नाही, एवढं ड्रायव्हरने करावं. एकदा ते प्रवाशावर टाकलं की ड्रायव्हर मागे बघायचंच सोडून देतो.

वाशी_व्हेंडर

काका, बोलायला सोपं आहे.

तुर्भे_स्टोअर्स

चावी-रजिस्टर बंद करून फक्त फास्टॅगच्या नोंदी बघितल्या तर? टोलवर वेळ पक्की येते, हस्ताक्षराचा प्रश्न नाही.

फ्लीटवाले_काका

टोल लागला तरच नोंद. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे, त्यामुळे वाशी, ऐरोली, मुलुंडवरून गेलात तर काहीच दिसणार नाही. अटल सेतू किंवा एक्स्प्रेसवेला उपयोग होतो. आणि तिथेही फास्टॅग गाडी सांगतो, माणूस सांगत नाही.

रजिस्टर ठेवाच, फक्त वेळ टेबलावरच्या माणसाने अंदाजाने लिहायची नाही. चावी घेताना आणि देताना मीटरचा फोटो ठरलेल्या ग्रुपवर टाकायचा, चालवणाऱ्याने स्वतःच्या फोनवरून. फोटो कोणी पाठवला आणि किती वाजता, दोन्ही आपोआप कळतं. चालक मधे बदलला तर नवीन माणसाने तसाच फोटो टाकायचा. गाडी थांबवून, हे सर्क्युलरमध्ये लिहा, नाहीतर मोबाइलचं चलन येईल.

चलनाच्या वेळेबद्दलही एक सांगायचं राहिलं. कॅमेऱ्याची वेळ बहुधा पक्की असते. पोलिसाने रस्त्यावर फोटो काढून केलेल्या चलनात मात्र फोटोची वेळ आणि चलन तयार झाल्याची वेळ वेगळी असू शकते. खासगी मोबाइलवर फोटो काढून मागाहून चलन टाकू नये असे आदेश 2025 मध्ये निघाले, तरी फोटोवर छापलेली वेळच धरा. फोटोवर वेळ नसेल तर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही चावीवाल्यांना विचारा.

महापे_ॲडमिन

गेटची क्लिप मिळाली. 7:23 ला गाडी बाहेर पडते, स्टिअरिंगवर इंजिनीअर स्वतः, ट्रेनी बाजूला. ट्रेनीनेही आता लेखी दिलंय की वाशीपर्यंत तो चालवत नव्हता, येताना चालवली. इंजिनीअर म्हणतो आम्ही कोपरखैरण्यात अदलाबदल केली.

शीतल_एचआर

जीपीएसमध्ये कोपरखैरण्याला गाडी थांबलेली दिसते का? अदलाबदल करायला निदान अर्धा मिनिट वेग शून्य लागेल.

महापे_ॲडमिन

ट्रॅकर दर 60 सेकंदांनी नोंद करतो. कोपरखैरण्यात एका नोंदीला वेग शून्य आहे. पण तिथे सिग्नलही आहे.

फ्लीटवाले_काका

मग माणूस कोण ते यावरून ठरत नाही, आणि ते ठरल्याचं कागदावर लिहू नका. आतल्या हिशेबात चावी इंजिनीअरची, लेखी अदलाबदल नाही, 500 त्याचे. पोलिसांनी 133 खाली विचारलं तर जे हाताशी आहे ते सगळं द्या: क्लिप, दोघांचे जबाब, जीपीएसची फाइल. आणि जीपीएसवाल्याला सांगून नोंद 10 सेकंदांवर आणा, डेटाचे पैसे थोडे वाढतील.

महापे_ॲडमिन

इंजिनीअर 500 भरायला तयार झालाय, पण पावतीवर "चालक म्हणून नव्हे, चावीधारक म्हणून" असं लिहून मागतोय. एचआर नाही म्हणते.

शीतल_एचआर

द्या की लिहून. तुमच्या नव्या कलमात तेच तर लिहायचंय.